मिसेस एचना पाठवायचा निरोप

रोमनचा वाढदिवस उद्यावर आला होता आणि केल्विनच्या फोनमध्ये चार शब्दांच्या पुढे काही सरकत नव्हतं.

'मिसेस एच, उद्या रोमनचा...'

इथपर्यंत यायचं आणि अंगठा थांबायचा. कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या खेळाच्या, रिंकमध्ये, बर्फाच्या कडेला, तो पाण्याचा डबा पाठीला लावून उभा होता. बर्फावर थेंब शिंपडायचे होते, उलटं चालत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. थेंब गोठून बर्फ खरबरीत झाला की मग दगड नीट सरकतात. संध्याकाळी मॅच होती. पण हातमोजा काढून तो फोनच बघत बसलेला.

रोमन हालुश्का एप्रिलच्या शेवटी गेला. पहाटे, जुन्या शाळेच्या रस्त्यावर, त्याचा ट्रक खडीवर घसरून खड्ड्यात उलटला. एकटाच होता. झोरा गावात सगळ्यांना सगळं कळतं, हेही तासाभरात कळलं. अंत्यविधीला चर्चमध्ये इतकी गर्दी झाली की लोक बाहेर पायऱ्यांवर उभे होते. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही बरेच आले. त्यानंतर कापणी लागली, मग बर्फ पडला, आणि हालुश्कांच्या शेतावर जाणं एकेकाचं बंद झालं.

केल्विनचंही.

हे त्याला सगळ्यात जास्त टोचायचं. पहिलीपासून तो त्या घरात जेवलेला. मिसेस एचनी, म्हणजे रोमनच्या आईने, लोर्नाने, त्याला सायकल शिकवली, कारण स्वतःच्या आईला वेळ नव्हता. वॉल्टने, म्हणजे रोमनच्या बापाने, त्याला ट्रॅक्टरवरून खाली ढकलत ढकलत ट्रॅक्टर शिकवला. आणि आता किती महिने झाले, तो त्या फाटकातून आत गेला नव्हता. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता जायची लाज वाटायला लागली. आता उद्याच्या दिवशीही गप्प बसलो, तर त्या घराचं दार आपल्याला कायमचं बंद, हे त्याला पक्कं कळत होतं. आणि काहीतरी चुकीचं लिहिलं तरी तेच.

दुपारी तो कॉफी प्यायला को-ऑप दुकानाच्या कॅफेत गेला. खिडकीजवळच्या टेबलावर म्हातारे बसले होते. रोजचेच. नेस्टर आणि एल्मर.

"ये रे बर्फवाल्या," नेस्टर म्हणाला. "काल तुझा बर्फ कसला होता? माझा दगड कुठे चालला होता ते दगडालाच माहीत नव्हतं."

"बर्फाला नाव ठेवू नकोस," एल्मर म्हणाला. "तू गेली तीस वर्षं असाच फेकतोयस."

केल्विन हसला नाही. भिंतीवर गावाचं कॅलेंडर होतं. दर वर्षी क्लबवाले छापतात, गावातल्या प्रत्येक घरात असतं. प्रत्येक रकान्यात त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस त्यांची नावं. गेलेल्यांचं नाव ठेवायचं असेल तर घरच्यांनी सांगायचं, मग त्यापुढे छोटा क्रॉस छापतात. गावातली सगळ्यांची स्टेलाआजी हे कॅलेंडर बघून रोज सकाळी ज्याचा वाढदिवस त्याला फोन करते आणि 'खूप वर्षं जग' हे गाणं गावाच्या जुन्या भाषेत, युक्रेनियनमध्ये, अख्खं म्हणते. घसा बसलेला असला तरी म्हणते. गावात तिच्या फोनशिवाय कुणाचा वाढदिवस सुरूच होत नाही.

उद्याच्या रकान्यात यंदा कुणाचंच नाव नव्हतं.

हे केल्विनच्या आईचं काम. नावं गोळा करायचं काम तिच्याकडे असतं. ऑक्टोबरात छापायला द्यायची वेळ आली, तेव्हा लोर्ना हालुश्काला फोन करून विचारायला हवं होतं, नाव ठेवू की क्रॉस लावू की काढू. आईने तीनदा फोन उचलला आणि ठेवला. शेवटी नाव काढून टाकलं. "बघून उगाच जखम ताजी होईल बिचारीची," असं म्हणाली. केल्विनला तेव्हा ते बरोबरच वाटलेलं.

"उद्या रोमनचा वाढदिवस," तो म्हणाला. "मी विचार करतोय, त्यांना काहीतरी लिहावं."

एल्मरने कपात बघितलं.

"खपली काढू नये," तो म्हणाला. "विसरायचा प्रयत्न करत असतील ते. आणि तसंही, त्या रस्त्याला पहाटे पोराला काय काम..."

"एल्मर," नेस्टर म्हणाला. "केक खा."

एल्मरने मुकाट्याने काटा उचलला. म्हाताऱ्याची जीभ सैल आहे, एवढंच केल्विनला वाटलं.

काउंटरपाशी व्हर्ना पैसे देत होती. पतपेढीत काम करते. आठ वर्षांपूर्वी तिचा मुलगा टोनी गेला, आजाराने. तिने सगळं ऐकलं होतं. बाहेर पडताना तिने केल्विनच्या कोपराला धरलं आणि दाराजवळ ओढलं.

"काय लिहिलंयस ते दाखव."

"काही नाही अजून. हे एक होतं." त्याने दाखवलं. 'रोमनला स्वर्गातल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा', पुढे दोन फुगे. गावात सगळे असंच टाकतात, सगळ्यांना दिसेल असं.

"वॉल्ट फोन गाईच्या पाण्यात फेकेल. चाळिसाव्यानंतर चर्चमध्ये पाय ठेवला नाहीये त्याने. पुसून टाक. आणि सगळ्यांसमोर तर अजिबात नको. चारशे लोकांनी बदाम दाबलेले बघून आईला काय करायचंय? दुसरं?"

दुसरं होतं, 'तुमची आठवण येते. कशा आहात? काही लागलं तर सांगा.'

"हे वाईट नाही. पण बघ. 'कशा आहात' विचारलंस की तिला उत्तर द्यायला लागणार. काय देईल? 'काही लागलं तर सांगा' म्हणजे काय लागतंय ते शोधायचं कामही तिलाच. उद्या तिच्याकडून कुठलंच काम करून घेऊ नकोस."

"मग लिहू काय?"

व्हर्ना टोपी कानावर ओढत होती. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, पतपेढीत असतो तसा.

"पहिल्या वर्षी टोनीच्या वाढदिवसाला मी दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते. सगळ्यांना वाटत होतं, फोन केला तर मला आठवण होईल. अरे, आठवण होईल! जशी काही मी विसरले होते." ती थांबली. "त्याचं नाव लिही. 'तो' नको, 'तुमचा मुलगा' नको. रोमन लिही. आणि एखादी गोष्ट सांग त्याची, जी तिच्याकडे नाहीये. माझ्याकडे टोनीच्या जेवढ्या गोष्टी आहेत तेवढ्याच आहेत, समजलं? नवीन यायच्या बंद झाल्यात. कुणी एखादी दिली की वाटतं, आज त्याने काहीतरी केलं."

केल्विनने फोनवरचं सगळं पुसलं.

"मरणाचं काही लिहू नकोस, ते तिला पाठ आहे. शेवटी लिही, उत्तर नको. आणि दोघांना वेगवेगळं पाठव. एकालाच पाठवलं की त्याला दुसऱ्याला वाचून दाखवावं लागतं. वाचून दाखवताना माणूस मोडतो."

"केव्हा पाठवू?"

"सकाळी. वॉल्ट गुरांना चारा घालून आत आला की. रात्रीपर्यंत थांबलास तर ती दिवसभर समजेल की तूही विसरलास."

ती गेली. केल्विन ट्रकमध्ये बसला, हीटर लावला आणि लिहायला लागला.

गोष्ट त्याला लगेच सुचली. खरं तर एकच सुचली.

रोमन गावात खोली घेऊन राहायचा आणि गाई विण्याच्या दिवसांत रोज सकाळी शेतावर बापाच्या मदतीला जायचा. एप्रिलमध्ये हमखास उशीर करायचा. वॉल्ट भडकायचा. रोमन म्हणायचा, रेल्वे फाटकाला मालगाडी आडवी आली. रोज कुठली मालगाडी? पण तो बिनधास्त ठोकून द्यायचा. खरं म्हणजे तो लांबच्या रस्त्याने जायचा, जुन्या शाळेच्या. तिथे पडक्या शाळेमागच्या कुरणात एक उंचवटा आहे, आणि एप्रिलभर पहाटे त्या उंचवट्यावर रानकोंबडे नाचतात. शेपट्या वर करून, पंख पसरून, पाय इतके जोरात आपटतात की ट्रकची काच खाली केली तर ऐकू येतं. मग एकदम सगळे थांबतात. मग परत सुरू. केल्विन दोनदा त्याच्याबरोबर गेला होता. रोमन ट्रक बंद करून, कॉफी मांडीवर घेऊन, लहान पोरासारखा बघत बसायचा.

रस्त्याचं नाव लिहिलं आणि तो थांबला. मरणाचं काही नको, व्हर्ना म्हणाली होती. त्याने रस्ता पुसला. 'एका कुरणाजवळ' असं लिहिलं. रोमन तिकडे का गेला होता हे घरच्यांना माहीत नसेल, असं त्याच्या मनातही आलं नाही. घरच्यांना माहीतच असणार. फक्त नाचाचं माहीत नसेल.

सकाळी उणे तीस होतं. वॉल्ट आत आला असेल अशा बेताने त्याने पाठवलं, आधी तिला, मग त्याला.

'मिसेस एच, आज रोमनचा वाढदिवस. उठल्यापासून रोमनच डोक्यात आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, कदाचित माहीत नसेल. एप्रिलमध्ये तो उशिरा यायचा ना, ती मालगाडी कधीच नव्हती. एका कुरणाजवळ थांबून तो रानकोंबड्यांचा नाच बघायचा. मी दोनदा गेलोय बरोबर. कॉफी गार होऊन जायची तरी प्यायचा नाही, कोंबडे पळतील म्हणून हलायचासुद्धा नाही. मला रोमनची फार आठवण येते. मी इतके दिवस आलो नाही. उत्तर पाठवायची गरज नाही. केल्विन.'

उत्तर नको म्हणून लिहिलं आणि मग दिवसभर उत्तराची वाट बघितली. माणूस असाच असतो. दोघांनी वाचल्याची खूण लगेच आली होती. पुढे काही नाही. तो डबा पाठीला लावून बर्फावर उलटा चालला, एकदा, दोनदा. थेंब नीट पडत नव्हते. चुकीचं झालं, त्याला वाटलं. बापाला कळवून बसलो की पोरगा खोटं बोलायचा. आजच्या दिवशी. शहाणाच आहे.

दुपारनंतर रिंकचं दार उघडलं. वॉल्ट होता. अंगावर गोठ्यातलाच ओव्हरऑल, भुवयांवर बर्फ. तो बर्फाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"कुठलं कुरण?"

केल्विनने डबा खाली ठेवला.

"वॉल्ट, मला तसं म्हणायचं नव्हतं. तो काही मुद्दाम..."

"अरे गाढवा, मी तुला काय विचारतोय? कुठलं कुरण?"

"शाळेमागचं. जुन्या शाळेच्या."

वॉल्ट बाकावर बसला. हातमोजे काढले, परत घातले.

"त्या रस्त्याला," तो म्हणाला.

"हो. मी लिहिलं नाही, कारण... मला वाटलं तुम्हाला माहितीये."

"कोण सांगणार होतं आम्हाला? तो सांगायचा, मालगाडी." वॉल्ट खाली बर्फाकडे बघत होता. "पोलिसाने विचारलं, तुमच्या मुलाला तिकडे काय काम होतं? मी म्हटलं काही नाही. तिकडे काहीच नाहीये. पहाट, सरळ रस्ता, एकटा. मग त्याने विचारलं, तो अलीकडे उदास होता का?"

केल्विन त्याच्या शेजारी बाकावर बसला.

"तेव्हापासून लोर्ना तेवढंच विचारतेय," वॉल्ट म्हणाला. "मला नाही. भिंतीला."

एल्मरचं कालचं अर्धं वाक्य केल्विनला आत्ता पूर्ण ऐकू आलं. रोमनने ट्रक मुद्दामच खड्ड्यात घातला, असं गावातले सगळे म्हणत होते की काय? आणि आपल्यासमोरच फक्त गप्प बसत होते?

"आणि मग ते कॅलेंडर आलं," वॉल्ट म्हणाला. "तिने पान उघडलं. नाव नाही. क्रॉस नाही. नुसती रिकामी जागा. ती म्हणाली, बघ, गावाने ठरवलं. तसल्या मरणाचं नाव ठेवत नाहीत."

"नाही हो! आईला तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही. एवढंच. देवाशपथ एवढंच."

"मला काय सांगतोस? ट्रकमध्ये बस."

हालुश्कांच्या स्वयंपाकघरात सगळं होतं तसंच होतं. लोर्ना टेबलाशी बसली होती. बारीक झाली होती खूप. समोर फोन आणि ओट्यावर झाकलेलं मोठं भांडं. ती उठली नाही.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. बूट दारात काढायचे राहिले, परत उठून काढले.

"शाळेमागे," वॉल्टने दारातूनच सांगितलं.

लोर्नाने डोळे मिटले. मग म्हणाली, "त्या दिवशी तो कोंबडेच बघायला गेला होता?"

केल्विनने तोंड उघडलं. हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तिच्या मानेवरचं ते सगळं खाली उतरलं असतं. त्याला दिसत होतं. वॉल्टही त्याच्याकडेच बघत होता, जवळजवळ विनवल्यासारखा.

"मला माहीत नाही, मिसेस एच," तो म्हणाला. "मी नव्हतो त्या दिवशी. एप्रिल होता, पहाट होती, रस्ता तोच. दर वर्षी जायचा. मला तर दुसरं काही मनातच आलं नव्हतं कधी. पण मी नव्हतो."

"म्हणजे खात्री नाही."

"नाही."

"उदास होता का रे तो?"

"आदल्या आठवड्यात नवे टायर घ्यायचे म्हणून माझं डोकं खात होता. दुकान बंद व्हायच्या आत चल, चल म्हणून." केल्विन टेबलावरच्या फोनकडे बघत होता. "उदास असता तर मला कळलं असतं, असं मला वाटतं. पण तेही मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. लोकांना कळत नाही."

वॉल्ट म्हणाला, "कोंबड्यांपायी. त्या फालतू कोंबड्यांपायी." आणि बाहेर निघून गेला. दार जोरात आपटलं. खिडकीतून दिसत होता, गोठ्याच्या भिंतीला हात लावून उभा.

लोर्ना त्याच्या मागे गेली नाही. ती केल्विनकडे बघत राहिली.

"हो म्हणाला असतास तर मला कळलं असतं," ती म्हणाली. "तू लहानपणापासून खोटं बोलताना कान खाजवतोस. तो नाही खाजवायचा. तो सरळ डोळ्यांत बघून मालगाडी सांगायचा."

"मला सांगायला हवं होतं आधी. यायला हवं होतं."

"हो. हवं होतं." तिने ते पुसलं नाही, मऊ केलं नाही. "आज अख्ख्या दिवसात तुझा एक निरोप आला. टेसाचा फोन आला शहरातून, भावासाठी रडलीच नुसती. स्टेलाचासुद्धा नाही. सकाळी मी फोनजवळ बसून होते. मला माहीत होतं ती करणार नाही. तरी बसले."

"आईला सांगतो मी."

"तिला मीच सांगेन. तिला ऐकायलाच लागेल." तिच्या आवाजात जुनी मिसेस एच एक क्षण येऊन गेली. मग ती उठली, भांड्यावरचं झाकण काढलं. चीज भरलेली पातळ धिरडी होती, शेपू घातलेल्या क्रीममध्ये. रोमनच्या वाढदिवसाला दर वर्षी करायची. पहाटेपासून झाकून ठेवलेली दिसत होती, क्रीमवर साय धरली होती. "का केली मी ही, माहीत नाही. हात करत गेले. कुणी खाल्ली नाहीत."

तिने ताटात चार घातली, गरम न करताच, आणि त्याच्यापुढे ठेवली.

"किती कोंबडे असतात?"

"असतील वीसेक."

"आणि नाचतात म्हणजे कसे? नीट सांग. तू लिहिलंयस त्यात काही कळत नाही."

केल्विनने काटा ठेवला. दोन्ही हात मागे पसरले, मान खाली घातली आणि टेबलाखाली मोज्यातले पाय भराभर आपटले. जमिनीवर धडधड आवाज झाला. ती बघत होती. हसली नाही. तोंडावर हात ठेवून बघत होती.

"आणि मग?"

"मग एकदम थांबतात. सगळे. कुणी सांगितल्यासारखे."

"आणि तो?"

"तो पण थांबायचा. श्वास धरून."

वॉल्ट आत आला. नाक लाल, डोळे लाल. काही न बोलता त्याने स्वतःच ताट घेतलं आणि उभ्यानेच खायला लागला. धिरडी गार होती, तरी केल्विनने चारही संपवली.

"एप्रिलमध्ये मला ने तिकडे," वॉल्ट शेवटी म्हणाला.

"नेतो."

"मी येणार नाही," लोर्ना म्हणाली. "त्या रस्त्याने मी कधीच जाणार नाही. तुम्ही जा, आणि परत येऊन मला सांगा." मग थोडं थांबून, ताटं उचलता उचलता, कुणाकडेच न बघता म्हणाली, "तरी मला कळणार नाहीच, नाही का? त्या दिवशी काय होतं ते."

वॉल्टने तिच्या हातातली ताटं घेतली.

केल्विन बूट घालायला दारात वाकला, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. बाहेर अंधारून आलं होतं, वॉल्ट ट्रक गरम करायला गेला होता.

"रविवारी ये," ती म्हणाली. "जेवायला. आणि येण्याआधी निरोप-बिरोप पाठवू नकोस. सरळ आत ये."